सोमवार पत्रांचा, शुक्रवार माझा

खालच्या मजल्यावरच्या आजींनी दार वाजवलं आणि एक शब्दही न बोलता मला हाताने ‘चल’ अशी खूण करून खाली नेलं. तळमजल्यावर सगळ्या बिऱ्हाडांच्या पत्रपेट्या ओळीने लावलेल्या आहेत. त्यांनी आमच्या पेटीवरच्या पट्टीवर बोट ठेवलं. तिथे फक्त नवऱ्याचं आडनाव होतं. मग ते बोट माझ्याकडे वळलं, पुन्हा पट्टीकडे गेलं, आणि त्यांनी मान हलवली. बोलल्या बऱ्याच, पण माझ्या कानात दोनच शब्द शिरले, ‘पोस्ट’ आणि ‘त्सुरुक’. म्हणजे टपाल परत. पोस्टमन माझ्या नावाचा लिफाफा हातात घेऊन जिन्यापाशी उभा होता, या नावाचं इथे कोणी राहतं का असं त्याने त्यांना विचारलं होतं. त्या योगायोगाने दारात होत्या म्हणून तो लिफाफा परत गेला नाही.

लग्नानंतर मी आडनाव बदललं नाही. सांगलीत त्याची कधी अडचण झाली नव्हती, कारण तिथे पोस्टमनला माणसं माहीत असतात. इथे पोस्टमनला पट्टी माहीत असते. पेटीवर नाव नसेल तर त्या पत्त्यावर तो माणूस राहत नाही, असं सरळ गणित. आमच्या जवळ भाडेकरार होता, विवाह नोंदणीचा दाखला होता, व्हिसा होता, आणि तरीही जर्मनीतल्या स्टुटगार्टमधल्या या इमारतीत मी राहते हे सांगणारी एकमेव गोष्ट, चार बोटं रुंदीची ती पट्टी, माझ्या नावाविना होती. त्या संध्याकाळी नवऱ्याने कागदावर ‘जोशी’ लिहून चिकटपट्टीने लावलं, आणि घराची देखभाल पाहणाऱ्या कंपनीला छापील पट्टीसाठी ईमेल केला. काम दोन मिनिटांचं होतं. पण मला त्या रात्री झोप लागली नाही. या देशाला मी दिसते ती फक्त कागदावर, आणि कागद माझ्यापर्यंत येतो तो फक्त पेटीतून, हे तेव्हा पहिल्यांदा नीट कळलं.

त्यातूनच आठवड्याचं वेळापत्रक निघालं.

नवीन आलेल्या बायकांना (आणि नवऱ्यांनाही, आमच्या ओळखीत बायकोच्या नोकरीमुळे आलेले दोघे आहेत) सगळे एकच सल्ला देतात, स्वतःला गुंतवून ठेव. हा सल्ला मला त्रास देतो. सांगलीत मी एका कर सल्लागाराच्या कार्यालयात होते. तिथे महिना मला गुंतवत नव्हता, महिन्याला आकार होता. 11 तारखेला जीएसटीआर-1, 20 तारखेला जीएसटीआर-3बी, ही जीएसटीची विवरणपत्रं. त्या दोन तारखांच्या मधे लग्नं, सण, आजारपणं सगळं बसवायचं. इथे आल्यावर अंगावर एकही तारीख नव्हती. नवरा सकाळी साडेसातला जायचा, मी कपबशा धुवायची, खिडकीतून समोरची टेकडी आणि तिच्यावरच्या द्राक्षांच्या रांगा बघायची, आणि साडेनऊला दिवस संपल्यासारखा वाटायचा. मला काम नव्हतं असं नाही. मला तारीख नव्हती. म्हणून मी ठरवलं की आपल्या मनाने वेळापत्रक करायचं नाही. या देशाच्या तारखा आणि वेळा कुठे आहेत ते शोधायचं, आणि आठवडा त्यांच्यावर टांगायचा.

त्या सापडायला अवघड नाहीत. कार्यालयांच्या दारावर वेळा लावलेल्या असतात आणि त्यांत एक सारखेपणा असतो. सकाळी लवकर उघडतात. बुधवारी बरीच बंद, किंवा फक्त अर्धा दिवस. डॉक्टरांचंही बुधवार दुपारी तेच. गुरुवारी संध्याकाळी सहापर्यंत चालू राहणारी पुष्कळ. शुक्रवारी बारानंतर फोन वाजत राहतो, कोणी उचलत नाही. रविवारी दुकानंसुद्धा बंद. प्रत्येक कार्यालयाच्या वेळा वेगळ्या, त्या पाहूनच घ्याव्या लागतात, पण हा सांगाडा धरून चाललं की आठवडा उभा राहतो. आणि आमच्या जिन्यात तर आठवडा आधीच लटकत होता. श्वाबेन भागात ‘केअरवोखं’ म्हणून प्रथा आहे, ज्याच्या दारावर पाटी, त्याच्याकडे त्या आठवड्यात जिना झाडण्यापुसण्याची पाळी. पाटी आमच्या दारावर आली की शनिवारपर्यंत जिना स्वच्छ, मग ती शेजारच्या दारावर. त्या पाटीने मला धीर दिला. कोणीही माझी भाषा न तपासता मला इथलं एक काम दिलं होतं आणि ते वेळेत होतं की नाही हे सगळ्यांना दिसत होतं.

सोमवार मी पत्रांना दिला. आठवड्याचं सगळं टपाल टेबलावर घ्यायचं आणि प्रत्येक पत्रात पेन्सिलने तीनच गोष्टी शोधायच्या. वर उजवीकडे किंवा मथळ्याजवळ असलेला संदर्भ क्रमांक, म्हणजे ‘आक्टनत्साइशन’ किंवा ‘उन्झर त्साइशन’. मग मुदत, जी बहुधा ‘बिस त्सुम’ या दोन शब्दांनंतर येते. आणि तिसरं, त्यांना काय हवंय. हे तिसरं सापडणं सगळ्यांत कठीण, कारण वाक्य लांब असतं आणि मुख्य क्रियापद शेवटी बसलेलं असतं. म्हणून मी वाक्य शेवटाकडून वाचायला लागले. शेवटी ‘आइनत्सुराइशन’ असेल तर काहीतरी सादर करायचंय, ‘मिटत्सुटायलन’ असेल तर नुसतं कळवायचंय. पुस्तकातला धडा मला आवडत होता, पण पुस्तकातली आना आणि पेटर सतत सुट्टीवर जायची. पत्रातली मी खरी होते आणि मला उत्तर द्यायचं होतं. पत्रातले शब्द विसरले जात नाहीत, कारण पुढच्या महिन्यात तेच शब्द दुसऱ्या कार्यालयाच्या पत्रात पुन्हा भेटतात.

वाचून झालं की पत्राला भोकं पाडून फाइलमध्ये. ही फाइल म्हणजे जाड पुठ्ठ्याची, आत खटका असलेली, दोन भोकांतलं अंतर बरोबर 8 सेंटिमीटर. लाइट्स कंपनीची ही फाइल या शहराची आहे, 1871 मध्ये लुई लाइट्सने इथे कारखाना काढला. ते कळल्यावर मला या शहराविषयी आपलेपणा वाटला. कार्यालयात फाइलींच्या रांगांमध्ये सहा वर्षं काढलेल्या माणसाला फाइलीचं गाव बरं वाटणारच. फाइलीच्या आतल्या पुठ्ठ्यावर मी एक ओळ लिहून चिकटवली आहे, पासपोर्टच्या तळाशी यंत्रासाठी छापलेल्या दोन ओळींत माझं नाव जसं आहे तसं, अक्षर न् अक्षर. हे महाराष्ट्रातल्या माणसाने पहिल्याच आठवड्यात करावं असं मी आग्रहाने सांगते. आपल्या पासपोर्टवर नावाच्या रकान्यात स्वतःचं नाव आणि वडिलांचं किंवा नवऱ्याचं नाव बरेचदा एकत्र असतं. इथे ती दोन्ही तुमची पहिली नावं धरतात. एका अर्जात दोन्ही लिहिली आणि दुसऱ्यात एकच, तर संगणकाला दोन वेगळ्या बायका दिसतात, आणि मग एकीचं पत्र दुसरीला जुळत नाही. ते ओळखायची खूण सोपी आहे, दोन पत्रांवरची जन्मतारीख एक आणि नावाची लांबी वेगळी. तसं दिसलं की त्याच सोमवारी दुरुस्तीचं पत्र लिहायचं, पुढे ढकलायचं नाही.

मंगळवार फोनचा.

मी या दिवसाला सगळ्यांत जास्त घाबरायची. समोर माणूस असला की हात आहेत, चेहरा आहे, कागद दाखवता येतो. फोनवर नुसता आवाज. जर्मनची ए-वन, म्हणजे पहिली पातळी मी पुण्यात पूर्ण करून आले होते. ब्लू कार्ड, म्हणजे उच्चशिक्षित नोकरदारांचा निवास परवाना, असलेल्याच्या जोडीदाराला व्हिसासाठी ती परीक्षा सक्तीची नसते, तरी केली. पण त्या वर्गातलं जर्मन स्वच्छ धुतलेलं होतं आणि इथल्या माणसांचं श्वाबिश, शब्दांच्या शेपट्या गिळणारं. म्हणून मी एका वेळी एकच फोन आणि त्यासाठी आधी लिहून काढलेली चार-पाच वाक्यं, असं ठेवलं. एक उदाहरण सांगते. आरोग्य विम्याच्या कंपनीकडून पत्र आलं. इथे नवऱ्याचा सरकारी पद्धतीचा विमा असेल आणि बायकोला उत्पन्न नसेल, तर तिचं नाव वेगळा हप्ता न भरता त्याच्या विम्यात जोडता येतं, त्याला ‘फामिलियनफेअरझिशरुंग’ म्हणतात. अर्ज आम्ही भरला होता. सोमवारी पत्र वाचलं तर कळलं की काहीतरी कमी आहे आणि चौदा दिवसांत द्यायचंय, पण काय कमी आहे ते वाक्य उलगडेना. मंगळवारी सकाळी नऊला वही पुढे घेऊन बसले. “इश रूफं आन वेगन डेअर फामिलियनफेअरझिशरुंग.” मग क्रमांक. मग “वास फेल्ट नोख?”, अजून काय कमी आहे? पलीकडची बाई भरभर बोलली. माझं पुढचं वाक्य तयार होतं, “कॉनन झी मिअर दास बिटं श्रिफ्टलिश शिकन?” कृपया हे मला लेखी पाठवाल का? ती थांबली, आणि मग आपणहून सावकाश बोलली. विवाहाच्या दाखल्याची प्रत पाहिजे होती, पाठवली होती ती अर्धवट स्कॅन झाली होती, आणि अर्जावर नवऱ्याची एक सही राहिली होती. फोन ठेवल्यावर मी उभी राहून खिडकी उघडली आणि बाहेरची गार हवा घेतली. इतका आनंद मला एमकॉमच्या निकालानेही झाला नव्हता.

फोनवरचा मुख्य अडथळा व्याकरण नसतो, नाव आणि आकडे असतात. नाव अक्षरं सुटी करून सांगावं लागतं. जोशी म्हणजे योट, ओ, एस, हा, ई. इंग्रजी शाळेतलं एबीसीडी डोक्यातून काढून टाकावं लागतं, नाहीतर ‘ई’ म्हणताना आपण ‘आय’ म्हणतो आणि पलीकडचा भलतंच लिहितो. जर्मन स्वरांची नावं आ, ए, ई, ओ, ऊ अशी आहेत. बाराखडी घोकलेल्या माणसाला ती उच्चारायला काही कष्ट नाहीत. शिवाय गोंधळ नको म्हणून प्रत्येक अक्षराला एक नाव जोडायचं, युलियुसमधला योट, ओटोमधला ओ, ईडामधला ई. दवाखान्यात माझा पुकारा ‘फ्राउ योशी’ असा होतो आणि आता मी त्याला लगेच उठते. आकड्यांचंही तसंच. पंचेचाळीस म्हणताना आपण आधी पाच म्हणतो, मग चाळीस. जर्मनही तसंच म्हणतं, ‘फ्युन्फ उंड फिअरत्सिश’. इंग्रजीतून विचार करणारे सगळे इथे अडखळतात, मराठीतून विचार केला की कान बरोबर पाच आधी ऐकतो. मी रोज दहा मिनिटं रेल्वेच्या घोषणा आणि हवामानाच्या बातम्यांमधले आकडे ऐकून मराठीत लिहायची. फोन क्रमांक उतरवता येऊ लागला त्या आठवड्यापासून मंगळवारची भीती गेली.

बुधवारी कार्यालयं सुस्त, म्हणून तो पूर्ण भाषेचा. सकाळी उठून मायलेंडर प्लाट्झच्या शहर वाचनालयात जायचं. 2011 मध्ये उघडलेली ती पांढरी चौकोनी इमारत बाहेरून कोरडी वाटते, आत गेलं की चारी बाजूंनी मजल्यामजल्यांवर पुस्तकं आणि मधे उजेडाची मोठी विहीर. बसायला पैसे लागत नाहीत, कोणी काही विचारत नाही. पहिले दोन तास व्याकरण, तेही त्या आठवड्याच्या पत्रांत जे अडलं तेवढंच. पत्रात कर्मणी प्रयोग फार आला तर कर्मणी. मुदतीच्या वाक्यात ‘श्पेटेस्टन्स’, म्हणजे ‘उशिरात उशिरा’, आला तर क्रियाविशेषणं. दोन तासांनंतर माझं डोकं काही घेत नाही हे मला कळलं, त्यापुढे बसण्यात अर्थ नसतो. मग बोलणं. पण बोलायचं कोणाशी, हा प्रश्न नोकरी नसलेल्या माणसाला फार छळतो. मी खालच्या आजींनाच विचारलं. बुधवारी दुपारी त्यांच्याकडे तासभर बसायचं. त्या कॉफी देतात, मी कधी शंकरपाळे नेते. मी चूक बोलले तर त्या माझं वाक्य बरोबर करून परत म्हणतात आणि मी ते पुन्हा म्हणेपर्यंत पुढे जात नाहीत. त्यांना ऐकायला थोडं कमी येतं, त्यामुळे मला मोठ्याने आणि स्पष्ट बोलावं लागतं. माझ्या उच्चारांना याहून चांगला शिक्षक मिळाला नसता.

आईचा फोन बुधवारीच यायचा. उन्हाळ्यात साडेतीन तासांचं अंतर, ऑक्टोबरच्या शेवटी घड्याळ मागे गेलं की साडेचार. तिचा चहा आणि माझं जेवण एका वेळी. ती एकदा म्हणाली, “किती गं दमल्यासारखी दिसतेस, नोकरी तर नाही ना अजून?” तिला बोचायचं नव्हतं, हे मला ठाऊक आहे. पण ते बोचलं, आणि मी तिला वेळापत्रक वाचून दाखवलं. ती थोडा वेळ गप्प राहिली आणि म्हणाली, “तुझ्या बाबांची बदली बेळगावला झाली तेव्हा मी कानडी भाजीवालीकडून शिकले. माझ्याकडे कागद नव्हते, एवढंच.” ही गोष्ट तिने मला आधी कधी सांगितली नव्हती.

गुरुवारी स्वतः जायचं. पत्ता नोंदणीचं काम आधीच झालं होतं, ते घरात राहायला आल्यापासून दोन आठवड्यांत करायचं असतं. त्याला घरमालकाने सही केलेलं ‘वोनुंग्सगेबरबेष्टेटिगुंग’ लागतं, नुसता भाडेकरार चालत नाही. त्या नोंदणीतून मग अकरा आकडी करक्रमांक टपालाने येतो, आजींनी वाचवलेला लिफाफा तोच होता. गुरुवारचं मोठं काम म्हणजे निवास परवाना. या बाबतीत एक तारीख सगळ्यांच्या वर लिहावी, पासपोर्टमधल्या व्हिसाची अखेरची तारीख. परवाना तोवर हातात यायला हवा असं नाही, पण अर्ज त्या तारखेच्या आत पोचलेला हवा. वेळेत अर्ज केला असेल तर निर्णय होईपर्यंत आधीचा हक्क चालू समजला जातो, आणि तसा दाखला, ‘फिक्त्सिओन्सबेशायनिगुंग’, मागून घेता येतो. व्हिसा संपल्यावर अर्ज केला तर ही सोय आपोआप मिळत नाही. म्हणून अर्ज पाठवल्याचा पुरावा, ऑनलाइन पावती किंवा नोंदणीकृत टपालाची चिठ्ठी, फाइलीत पहिल्या पानावर. उत्तराची वाट पाहण्यात दिवस जातात. पण पावती पहिल्या पानावर असली की रात्री झोप लागते.

कार्यालयाच्या खिडकीपाशी बोलायचं कोणी, यावरून आमच्यात एकदा चांगलंच वाजलं. नवरा माझ्यासाठीच, मायेनेच, पुढे होऊन बोलायचा. समोरची बाईही मग त्याच्याकडेच बघून विचारायची, “यांची जन्मतारीख?” मी तिथेच उभी. बाहेर आल्यावर मी त्याला म्हटलं, “तू बोललास की काम पाच मिनिटांत होतं, पण मी त्या खोलीत नसते.” तो म्हणाला, “अगं, पण मुदत आहे, चूक झाली तर?” त्याचं म्हणणंही खोटं नव्हतं. मग असं ठरलं की ज्या कामात चूक झाली तरी दुरुस्त होते, तिथे मी एकटी जायचं. जिथे हक्क जाऊ शकतो, तिथे तो सोबत येईल, पण माझ्या मागे उभा राहील आणि मी वळून पाहिलं तरच बोलेल. तो मागे उभा राहायला शिकला. त्याला ते जड गेलं, हे मी पाहिलं आहे.

शनिवार त्याच्या सह्यांचा. विम्याच्या अर्जावर त्याची सही, घराच्या कागदांवर त्याची सही, करवर्गाच्या अर्जावर दोघांची. करवर्गाचं मी जरा सविस्तर सांगते, कारण तो माझा विषय आहे. पगारातून दरमहा किती कर कापायचा ते या वर्गावरून ठरतं. लग्न झालेल्या जोडप्याला इथे आपोआप दोघांना चौथा वर्ग मिळतो. एकालाच उत्पन्न असेल तर त्याला तिसरा आणि दुसऱ्याला पाचवा घेता येतो, मग दरमहा हातात येणारा पगार वाढतो. वर्षअखेरीला एकत्र विवरणपत्र भरलं की एकूण कर तेवढाच, फरक फक्त आधी हातात येतो की नंतर. आम्ही तिसरा-पाचवा घेतला. माझ्या नावापुढे पाच आकडा लागला तेव्हा मला वाईट वाटलं, जरी हिशोब मीच मांडला होता. पण त्याच कागदावर मी लाल पेनने लिहिलं, नोकरीचा करार झाला की त्याच आठवड्यात दोघांना पुन्हा चार. कारण पाचव्या वर्गात पगारातून इतका कर कापला जातो की हातात येणारी रक्कम बघून आपलं काम बिनमोलाचं वाटावं. शिवाय बाळंतपणाच्या काळातला भत्ता किंवा बेकारी भत्ता याच निव्वळ रकमेवरून ठरतो. अनेक घरांत पाचवा वर्ग एकदा लागला की तसाच राहतो, कारण त्याची आठवण करून देणारं पत्र कुठूनही येत नाही.

शुक्रवार मी मुद्दाम शेवटी सांगते आहे. तो माझ्या कामाचा दिवस. पत्रं, फोन, खिडक्या ही सगळी कामं दुसऱ्यांनी ठरवलेली. त्यांना संपूर्ण आठवडा दिला तर ती तो पूर्ण खातात, आणि वर्षाने सगळे कागद जागेवर असतात आणि आपण कुठेच नसतो. मी असं झालेल्या दोघीतिघींना ओळखते, हुशार बायका आहेत, एक तर माझ्याहून कितीतरी अनुभवी. म्हणून शुक्रवारी कितीही मोठा लिफाफा आला तरी तो सोमवारपर्यंत उघडायचा नाही, अशी शिस्त. पहिल्या शुक्रवारी मी ‘आनाबिन’ या सरकारी संकेतस्थळावर कोल्हापूरचं शिवाजी विद्यापीठ शोधलं. नावापुढे ‘एच प्लस’ होतं, म्हणजे संस्था मान्य. त्याचं पान छापून घेतलं. मग परदेशी पदव्या तपासणाऱ्या बॉनच्या झेडएबी कार्यालयाकडे पदवीच्या तुलनात्मक मूल्यांकनाचा अर्ज, शुल्क 208 युरो. उत्पन्न नसताना एवढी रक्कम स्वतःसाठी मागताना मला संकोच वाटला. नवऱ्याला नाही वाटला. लेखापालाचं काम इथे डॉक्टर किंवा नर्ससारखं परवान्याचं नाही, त्यामुळे हे मूल्यांकन कायद्याने लागतंच असं नाही. पण ज्या मालकाने सांगलीचं नाव ऐकलेलं नाही, त्याच्यासमोर ठेवायला एक जर्मन कागद हवा.

आणि मग शुक्रवारची भाषा. मी दुकानाची पावती घेऊन बसते. इथल्या पावतीवर प्रत्येक वस्तूपुढे एक अक्षर असतं आणि तळाशी त्या अक्षराचा करदर, 7 टक्के किंवा 19 टक्के. दुधाला 7, साबणाला 19. ओट्सच्या दुधाला 19, कारण कायद्याच्या लेखी ते दूध नाही, पेय आहे. हे पाहिल्यावर मला आपल्याकडच्या सुट्या आणि वेष्टनातल्या धान्याच्या जीएसटीवरच्या वादाची आठवण झाली आणि कितीतरी दिवसांनी मी माझ्या विषयात हरवले. मग खात्यांचा आराखडा, एसकेआर03. त्यात 1200 म्हणजे बँक, 1000 म्हणजे रोकड, 8400 म्हणजे 19 टक्के कराची विक्री. ते आकडे वाचायला मला भाषा लागली नाही, आणि त्यांच्यापुढचे जर्मन शब्द मला घोकावे लागले नाहीत, ते काय असणार हे मला माहीतच होतं. विक्रीकराचं मासिक विवरणपत्र इथे पुढच्या महिन्याच्या 10 तारखेला. दहा तारीख! मी ती भिंतीवरच्या कॅलेंडरवर दर महिन्याला लाल गोल करून ठेवली आहे. भरायला माझ्याकडे अजून कोणाचं विवरणपत्र नाही. तरी मी एका काल्पनिक किराणा दुकानाचा महिना मांडते आणि 10 तारखेच्या आत पुरा करते.

आता हे वेळापत्रक मोडायची वेळ आली आहे. बाहेरून आलेल्यांसाठीच्या एकात्मता वर्गात जागा मिळाली. एकूण 700 तासिका, त्यातल्या 600 भाषेच्या आणि 100 इथला इतिहास, कायदा, समाज यांच्या. वर्ग रोज सकाळी आहे, म्हणजे नेमका कार्यालयांचा फोन लागतो तेव्हा. मंगळवारचे फोन मधल्या सुट्टीत करावे लागतील, वाचनालयाचा बुधवार जाईल. आजींनी त्यांचा तास संध्याकाळी साडेपाचला सरकवला आहे, दूरदर्शनवरच्या त्यांच्या मालिकेआधी. गुरुवारची उशिरापर्यंतची वेळ आता फार मोलाची. शुक्रवारची दुपार मी राखली आहे, सकाळ गेली.

शनिवारी नवा विषय घुसला आहे तो गाडीच्या परवान्याचा. भारतीय परवाना इथे राहायला आल्यापासून सहा महिने चालतो, पुढे लेखी आणि प्रत्यक्ष दोन्ही परीक्षा द्याव्या लागतात. त्याआधी डोळ्यांची तपासणी आणि प्रथमोपचाराचा एक दिवसाचा वर्ग. तो वर्ग काही ठिकाणी इंग्रजीतूनही असतो. नवऱ्याने तो शोधून ठेवला होता. मी जर्मनमधला निवडला आहे, पुढच्या शनिवारी, सकाळी नऊ ते पाच. जाण्याआधी मला बँडेज, रक्तस्राव, शुद्ध हरपणे आणि श्वास यांचे शब्द लागतील, ते या बुधवारी आजींकडे. त्या तरुणपणी दवाखान्यात कामाला होत्या, हे मला परवाच कळलं.